बेस आकसतो तेव्हा

बेसचे व्होल्टेज कायम ठेवून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे व्होल्टेज वाढवले, तर प्रवाह तेवढाच राहायला हवा. प्रत्यक्षात तो हळूहळू चढतो. बेल लॅबोरेटरीजमधील जेम्स अर्ली यांनी १९५२ मध्ये याचे कारण मांडले. बेस आणि कलेक्टर यांच्या सीमेवर वाहक कण नसलेला एक पट्टा असतो. व्होल्टेज वाढले की तो रुंदावतो, आणि मुळातच अत्यंत पातळ असलेला बेस आणखी अरुंद होतो. इलेक्ट्रॉनांना कमी अंतर कापावे लागते, म्हणून प्रवाह वाढतो.

जणू ट्रान्झिस्टरच्या पोटातच एक रोध दडलेला असतो. अर्ली व्होल्टेज १०० व्होल्ट आणि प्रवाह १ मिलिअँपिअर धरला, तर हा रोध सुमारे १०० किलोओहम भरतो. बेसवर १ मिलिव्होल्टचा फरक पडला, तर प्रवाह ४० मायक्रोअँपिअरने बदलतो. कलेक्टरला आदर्श स्थिर प्रवाहस्रोत जोडला, तरी हा बदल त्या रोधातूनच जातो आणि ४ व्होल्ट मिळतात: वर्धन ४००० पट, त्यापुढे नाही. प्रवाह दुप्पट करूनही उपयोग नाही, कारण संवेदनशीलता दुप्पट होते तसा रोध निम्मा होतो. मला हेच सर्वांत विलक्षण वाटते. बेस जाड केला तर मर्यादा वाढते, पण वेग घटतो. म्हणून अभियंते वर दुसरा ट्रान्झिस्टर चढवून खालच्याचे कलेक्टर व्होल्टेज जवळजवळ स्थिर ठेवतात.