दोनशे तीन मिनिटे गेली कुठे?

सांगली बाजारपेठेच्या आसपास हळद दळून पाकिटांत भरणारे कितीतरी छोटे-मोठे कारखाने आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे एक उभे पाऊच यंत्र असते. वरून प्लॅस्टिक फिल्मचा रोल उलगडत येतो, गळ्याच्या नळीभोवती गुंडाळला जातो आणि त्याची पिशवी तयार होते. मळसूत्रासारखा फिरणारा ऑगर त्यात मोजून पूड सोडतो आणि गरम जबडे, म्हणजे जॉ, पाकिटाचे तोंड चिकटवतात. शंभर ग्रॅमचे पाकीट मिनिटाला 60 या वेगाने निघावे, असे यंत्राच्या पाटीवर लिहिलेले असते. शिफ्ट संपताना पाकिटे मात्र त्या हिशेबापेक्षा खूपच कमी निघतात. मालकाने विचारले की उत्तर ठरलेले असते: हीटर जळला होता.

हीटर खरोखरच जळलेला असतो. पण बाकीची पाकिटे त्याच्यामुळेच बुडाली का, हे त्या उत्तरातून कळत नाही. ते शोधण्यासाठी ओईई नावाचे मोजमाप वापरतात. यंत्र ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त जेवढा चांगला माल देऊ शकले असते, त्यातला किती टक्के माल खरोखर मिळाला, एवढेच ते सांगते. हे मोजमाप जपानमध्ये घडले. यंत्रांची देखभाल ही सगळ्या कामगारांची जबाबदारी आहे, असे मानणारी टीपीएम ही कार्यपद्धती तिथे 1971च्या सुमारास आकाराला आली. तिचे प्रमुख प्रवर्तक सेइची नाकाजिमा यांनी यंत्राचा बुडणारा वेळ सहा प्रकारच्या नुकसानींत वाटला आणि त्या सहांचा एकत्र हिशेब ओईईमध्ये बसवला.

हा हिशेब एका शिफ्टवर करून पाहता येतो. समजायला सोपे जावेत म्हणून इथले आकडे गोल धरले आहेत, पण अशा यंत्रावर ते सहज दिसू शकतात. शिफ्ट 8 तासांची, म्हणजे 480 मिनिटांची. जेवण आणि चहाची 30 मिनिटे वजा केली की 450 मिनिटे यंत्र चालायला हवे. त्यात हीटर जळाल्याने 30 मिनिटे गेली. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावरून शंभर ग्रॅमवर येताना नळी आणि सेटिंग बदलण्यात 40 मिनिटे लागली. फिल्मचे रोल बदलण्यात आणखी 20 मिनिटे गेली. एकूण 90 मिनिटे यंत्र बंद राहिले आणि 360 मिनिटे चालले. 360 ला 450 ने भागले की 80 टक्के येतात. ही झाली उपलब्धता.

मिनिटाला 60 या वेगाने 360 मिनिटांत 21,600 पाकिटे निघायला हवी होती. यंत्रावरच्या काउंटरने 15,120 दाखवली. म्हणजे कामगिरी 70 टक्के. त्यांतली 302 पाकिटे गळकी किंवा तिरकी चिकटलेली म्हणून बाजूला काढली. उरली 14,818 चांगली पाकिटे. गुणवत्ता 98 टक्के.

तिन्हींचा गुणाकार केला की ओईई येते: 0.80 × 0.70 × 0.98, म्हणजे सुमारे 55 टक्के. याचा ताळा एका ओळीत घेता येतो. 450 मिनिटांत 60 च्या वेगाने जास्तीत जास्त 27,000 पाकिटे शक्य होती. 14,818 ला 27,000 ने भागले तरी तेच उत्तर येते. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर कुठली तरी नोंद चुकली आहे असे समजावे.

या टप्प्यावर बऱ्याच ठिकाणी एक चूक होते. आदर्श वेग म्हणून पाटीवरचा 60 घेण्याऐवजी रोजचा 50 घेतला जातो, कारण ‘आमचे यंत्र त्याच वेगाने चालते’. तसे केले की ओईई 55 वरून एकदम 66 टक्के होते आणि पाकीट मात्र एकही वाढत नाही. पाकिटाचा आकार बदलण्याची 40 मिनिटे ‘नियोजित’ म्हणून चहाच्या वेळेत ढकलली तरी आकडा असाच फुगतो. आदर्श वेग फार कमी धरला आहे, हे ओळखायची एक खूण आहे: एखाद्या चांगल्या दिवशी कामगिरी 100 टक्क्यांच्या वर जाते. तसे दिसले, तर आधी हिशेब दुरुस्त करावा. फोडून पुन्हा भरलेले पाकीटही चांगल्यांत मोजू नये. पहिल्याच फेरीत नीट निघालेले तेवढेच चांगले धरावे.

आता मुख्य प्रश्न. सुधारणा करायची तर हात कुठे घालायचा? 80, 70 आणि 98 हे तीन टक्के शेजारी मांडून उत्तर शोधणे फसवे ठरते, कारण प्रत्येक टक्क्याचा पाया वेगळा आहे. उपलब्धतेचा एक टक्का म्हणजे 450 मिनिटांतली साडेचार मिनिटे, तर कामगिरीचा एक टक्का 360 मिनिटांतली जेमतेम साडेतीन. म्हणून सगळी नुकसानी मिनिटांत आणावी. यंत्र बंद राहिल्याची 90 मिनिटे आधीच कळली आहेत. 15,120 पाकिटे 60 च्या वेगाने 252 मिनिटांत झाली असती, म्हणजे चालू यंत्रातूनच 108 मिनिटे निसटली. खराब पाकिटांची 5 मिनिटे. बेरीज 203.

त्या 108 मिनिटांची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती फोडून पाहायला लागतात. ऑपरेटरने वेग 50 वर ठेवला होता, हे यंत्राच्या पडद्यावरच दिसते. त्या वेगाने 15,120 पाकिटांना सुमारे 302 मिनिटे लागली. आदर्श वेगाने लागली असती त्यापेक्षा ही 50 जास्त. उरलेली 58 मिनिटे छोट्या थांब्यांची: अर्ध्या-पाऊण मिनिटाचे थांबे, ज्यात फिटरला बोलवावे लागत नाही आणि म्हणून कोणी ते लिहीतही नाही. उतरत्या क्रमाने मांडले तर छोटे थांबे 58, मंद वेग 50, आकार बदलणे 40, हीटर 30, रोल बदलणे 20 आणि खराब माल 5. सगळ्यांच्या तोंडी असलेला हीटर चौथ्या नंबरवर आला.

एका शिफ्टवरून निर्णय मात्र घेऊ नये. हीटर रोज जळत नाही. दोन आठवड्यांची सरासरी काढली की ती 30 मिनिटे आणखी खाली जातील. छोटे थांबे रोजच असतात.

पुढचे काम कागदावर होत नाही. कोणीतरी घड्याळ आणि वही घेऊन यंत्रापाशी दोन तास उभे राहायला हवे आणि प्रत्येक थांब्याचे कारण लिहायला हवे. हळदीच्या यंत्रावर अशी नोंद साधारण पुढीलप्रमाणे दिसते. दोन तासांत 26 थांबे, मिळून 19 मिनिटे. त्यांतले 15 थांबे जॉवर बसलेली पूड फडक्याने पुसण्यासाठी. 6 वेळा फिल्मवरची खूण फोटोसेलला दिसली नाही आणि छपाई सरकली. 5 वेळा हॉपरमध्ये पूड अडकून बसली आणि बाहेरून ठोकून खाली पाडावी लागली.

निम्म्याहून जास्त थांबे एकाच पुडीचे आहेत. ऑपरेटरशी बोलले की दुसरी गोष्टही उलगडते. तो 60 च्या वेगाने का चालवत नाही? कारण तेवढ्या वेगात ऑगर थांबल्यावरही पूड थेंबथेंब गळत राहते, हवेत उडालेली भुकटी खाली बसायच्या आत जॉ मिटतात आणि ती चिकटपट्टीत अडकून पाकीट गळते. वेग कमी केला की तिला बसायला वेळ मिळतो. म्हणजे वेग कमी ठेवणे हा त्याचा आळस नाही, माल वाचवण्याची त्याची युक्ती आहे. वरच्या यादीत छोटे थांबे, मंद वेग आणि खराब माल या तीन वेगळ्या ओळी दिसतात, पण त्यांच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात एकच कारण आहे. यादी नुकसानीची लक्षणे मोजते. म्हणून सर्वांत मोठ्या ओळीपाशी थांबू नये. एका कारणावर घाव घातला तर किती ओळी एकदम आखूड होतील, हे पाहावे.

उपायही त्यामुळे नेमका ठरतो. ऑगरच्या तोंडाशी गळती बंद करणारी झडप बसवायची, नळीच्या वरच्या टोकाला उडणारी भुकटी ओढून घेणारे सक्शन लावायचे आणि फिल्मवर साठणारी स्थिर वीज काढून टाकणारी पट्टी जोडायची, कारण तिच्यामुळेच पूड फिल्मच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. त्यानंतर वेग एकदम 60 वर न्यायचा नाही. चिकटपट्टी पक्की होण्यासाठी उष्णता, दाब आणि जॉ मिटलेला राहण्याचा वेळ या तीन गोष्टी लागतात, आणि वेग वाढला की तिसरी कमी होते. म्हणून 50 वरून 52, मग 54 असे चढत जायचे आणि प्रत्येक पायरीवर काही पाकिटे पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहायचे. बुडबुडे आले, तर तापमान जुळवून पुन्हा तपासायचे. 56 च्या पुढे ते थांबत नसतील, तर या फिल्मसाठी आणि या जॉसाठी तूर्त तीच मर्यादा.

वेग 56 वर स्थिरावला, छोटे थांबे 58 वरून 24 मिनिटांवर आले आणि खराब माल एक टक्क्यावर उतरला असे धरले, तर चांगली पाकिटे सुमारे 18,630 होतात आणि ओईई 69 टक्के. नवे यंत्र न घेता शिफ्टला जवळपास 3,800 पाकिटे जास्त.

ती विकली जाणार असतील किंवा त्यामुळे ओव्हरटाइम वाचणार असेल, तरच या वाढीला किंमत आहे. दळण यंत्रच शिफ्टला दीड टन पूड देत असेल, तर पाऊच यंत्र जास्तीत जास्त 15,000 पाकिटे भरू शकेल. तिथे हात घालायचा तो गिरणीत. मालाच्या किमतीनेही क्रम उलटतो. हळदीचे फुटके पाकीट कापून पूड परत घेता येते आणि फक्त फिल्म वाया जाते. ज्या औषधाचे खराब पाकीट नष्टच करावे लागते, तिथे गुणवत्तेची ती 5 मिनिटे रुपयांत मोजली तर यादीत सर्वांत वर जाऊ शकतात.

एक नुकसान तर ओईईला दिसतच नाही. वजन कमी भरले तर वैधमापन खात्याची कारवाई होते, म्हणून काटा थोडा जास्तच ठेवला जातो. प्रत्येक पाकिटात सरासरी दोन ग्रॅम जास्त गेले, तर 14,818 पाकिटांत जवळपास 30 किलो हळद फुकट जाते, आणि ओईईच्या लेखी ती सगळी पाकिटे चांगलीच ठरतात. वजनाचा तक्ता त्यामुळे वेगळा ठेवावा लागतो. ऑगरची गळती थांबली की वजनातला चढउतारही कमी होतो आणि काटा खाली आणायला वाव मिळतो.

नव्या यादीत सर्वांत वर आता आकार बदलण्याची 40 मिनिटे आहेत. त्यांतली किती मिनिटे यंत्र खरोखर उघडून ठेवण्याची आहेत आणि किती नळी, पाने आणि पुढचा रोल शोधण्यात जातात, हे पुन्हा घड्याळ घेऊनच पाहावे लागेल. दुसऱ्या प्रकारची कामे यंत्र आधीच्या पाकिटावर चालू असतानाच उरकता येतात.