लॅपटॉप तापतोय: धूळ की वाळलेली पेस्ट?

बजाजनगरच्या उन्हात लॅपटॉप तापला की सगळे आधी पंख्याला दोष देतात. पण चिपवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, तर लक्षणं वेगळी दिसतात.

गेल्या मे महिन्यात माझ्याकडे सहा वर्षं जुना लॅपटॉप आला. HWiNFO उघडून व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला. दोन-तीन सेकंदांत तापमान ९६ अंशांवर गेलं आणि वेग निम्म्यावर आला. पंखा जोरात फिरत होता, हवाही भरपूर येत होती, पण जेमतेम कोमट. म्हणजे उष्णता चिपमधून तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नव्हती. हवा कमी आणि चटका देणारी असती, तर दोष धुळीचा.

मग काम काय असतं? लॅपटॉप बंद करा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीची पिन काढा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा. चिकटलं असेल तर हलकं फिरवा, उचकटू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट चिपभर पातळ पसरवा. जाड थर उष्णता अडवतो. शेजारचे मऊ थर्मल पॅड फाटले, तर तेवढ्याच जाडीचे नवे लावा. तिथे पेस्ट चालत नाही, कारण फट मोठी असते. स्क्रू आता आकड्यांच्या क्रमाने आवळा.

त्या लॅपटॉपवर तोच व्हिडिओ पुन्हा लावला, तेव्हा तापमान ८० वर थांबलं आणि हवा चांगली गरम येऊ लागली. हीच खूण: उष्णता बाहेर पडतेय!