हायड्रोजन निघून गेल्यावर

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यापुढे एक पांढरट पूड येते. तिच्यात दोन पदार्थ मिसळलेले असतात आणि ते वेगळे करून दाखवायचे असतात. बेन्झोइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल ही त्यातली नेहमीची जोडी. दोन्ही घनरूप, थंड पाण्यात दोन्ही जेमतेम विरघळणारे. दोघांचा द्रवणांकही १२२ अंश सेल्सिअसच्या आसपासच, त्यामुळे नुसत्या थर्मामीटरवर विसंबणारा इथे फसतोच.

सुटका करतो तो स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पूड बीकरमध्ये घेऊन त्यावर सोड्याचे द्रावण थोडे थोडे ओतत ढवळत राहायचे. फसफस होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आणखी सोडा घातला तरी फसफस होईनाशी झाली, की द्रावण गाळून घ्यायचे. गाळणकागदावर नॅफ्थॉल जसेच्या तसे उरते. खाली उतरलेल्या नितळ पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, की बेन्झोइक आम्लाचा पांढराशुभ्र साका बसतो. घाईत कुणी बायकार्बोनेटऐवजी कॉस्टिक सोड्याची बाटली उचलली, तर सगळीच पूड विरघळते आणि गाळणकागद कोरा राहतो.

आता या दोन पदार्थांच्या रेणूंची चित्रे शेजारी ठेवली, तर पहिल्या नजरेला कोडेच पडते. दोघांतही ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन आहे, आणि आम्ल म्हणून वागताना दोघेही तोच हायड्रोजन सोडतात. मद्यातले इथेनॉल घेतले तर त्यातही हीच जोडी आहे. तरीही व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल आंबट लागते आणि इथेनॉल लागत नाही.

रसायनशास्त्रज्ञ हा फरक पीकेए नावाच्या आकड्यात मोजतात. आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. इथेनॉलचा आकडा १६ च्या जवळ, फिनॉलचा १० आणि अॅसिटिक आम्लाचा ४.७६. म्हणजे फिनॉल इथेनॉलपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी तीव्र आणि अॅसिटिक आम्ल फिनॉलपेक्षाही लाखाहून अधिक पटींनी. बायकार्बोनेटची चाचणी नेमकी या पायऱ्यांच्या मधोमध बसते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बोनिक आम्लाचा आकडा आहे ६.४. त्याहून तीव्र आम्ल आले तरच कार्बोनिक आम्ल सोड्यातून हुसकले जाते आणि वायूचे बुडबुडे दिसतात. बेन्झोइक आम्ल ४.२ वर असल्याने ते काम करते; ९.५ च्या आसपासचे नॅफ्थॉल करत नाही. उलट, फिनॉलचा सोडियम क्षार पाण्यात विरघळवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, तर फिनॉलच बाहेर पडते आणि द्रावण दुधाळ होते.

हा फरक समजून घेताना बहुतेकांचे लक्ष निघून जाणाऱ्या हायड्रोजनकडे जाते. बघायला हवे ते मागे राहिलेल्याकडे. हायड्रोजन जाताना आपला इलेक्ट्रॉन मागेच ठेवून जातो आणि उरलेल्या तुकड्यावर ऋण भार चढतो. हा भार त्या तुकड्याला जितका सहज पेलवतो, तितका हायड्रोजन सहज सुटतो.

इथेनॉलच्या बाबतीत हा भार एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर बसतो. शेजारी हायड्रोजनांनी वेढलेला साधा कार्बन. तो मदतीला येत नाही. त्यामुळे हा ऋणायन कुठूनही हायड्रोजन परत मिळवायला टपलेला असतो आणि पाण्यात तो लगेच मिळवतो.

अॅसिटिक आम्लाचे तसे नाही. तिथे त्याच कार्बनला दुसराही ऑक्सिजन जोडलेला आहे, दुहेरी बंधाने. हायड्रोजन गेल्यावर भार दोन्ही ऑक्सिजनांवर निम्मा-निम्मा वाटला जातो. ही वाटणी मोजताही येते. या कुळातले सर्वांत साधे फॉर्मिक आम्ल घेतले, तर त्याच्या रेणूत कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध वेगवेगळ्या लांबीचे असतात, साधारण १.२० आणि १.३४ अँगस्ट्रॉम. त्याचा सोडियम क्षार केला की दोन्ही बंध सारखेच होतात, सुमारे १.२७. पुस्तकांत हे दाखवायला दोन चित्रे आणि मध्ये दुतोंडी बाण काढतात. त्यावरून भार इकडून तिकडे उड्या मारतो असा समज होतो. तो चुकीचा आहे. भार सदासर्वकाळ दोघांवर असतो. या वाटणीला संस्पंदन म्हणतात.

फिनॉल या दोघांच्या मध्ये अडकलेले आहे. त्याचा ऑक्सिजन सहा कार्बनांच्या बेन्झीन वलयाला चिकटलेला असतो आणि भाराचा काही हिस्सा वलयात पसरतो. पण हा हिस्सा पडतो कार्बनच्या वाट्याला, आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची जेवढी ओढ असते तेवढी कार्बनला नसते. दोन धडधाकट भावांनी ओझे वाटून घेणे आणि एका भावाने ते तीन अनिच्छुक शेजाऱ्यांना थोडे थोडे धरायला लावणे, यात जो फरक, तोच इथे. म्हणून फिनॉल अल्कोहोलच्या बरेच पुढे, पण कार्बोक्झिलिक आम्लांच्या बरेच मागे.

भार वाटून घेणे ही एक गोष्ट झाली. भार दुरून ओढून घेता येतो, आणि या ओढीचा, म्हणजे इंडक्टिव्ह परिणामाचा, सर्वांत स्वच्छ पुरावा क्लोरिनने दिला आहे. अॅसिटिक आम्लात ज्या कार्बनवर तीन हायड्रोजन आहेत, तिथे एकेक करून क्लोरिन बसवत जायचे. क्लोरिन इलेक्ट्रॉनचा लोभी. बंधांतले इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे खेचतो आणि ही खेच साखळीतून पलीकडच्या ऑक्सिजनांपर्यंत पोहोचते. तिथला ऋण भार सौम्य होतो. परिणाम बघण्यासाठी चारही आम्लांची ०.१ मोलर द्रावणे घेऊ. अॅसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम एकाने हायड्रोजन सोडलेला असतो. एक क्लोरिन बसला की असे रेणू अकरा होतात, दोन बसले की पन्नास आणि तीन बसले की पाऊणशेच्या घरात. पहिले आम्ल सॅलडवर शिंपडतात. शेवटचे, ट्रायक्लोरोअॅसिटिक, त्वचारोगतज्ज्ञ कातडीचा वरचा थर सोलण्यासाठी जपून वापरतात.

ही ओढ अंतराने फार लवकर विरते. चार कार्बनांचे ब्युटेनोइक आम्ल, आकडा ४.८२. क्लोरिन आम्लगटाच्या अगदी शेजारच्या कार्बनवर बसवला तर आकडा २.८६ पर्यंत घसरतो. एक घर मागे सरकवला तर ४.०५, आणखी एक घर मागे नेला तर ४.५२. तीन घरे ओलांडेपर्यंत ओढीतला जोर जवळजवळ संपलेला असतो.

क्लोरिनच हवा असे नाही. रोजच्या दह्यातले लॅक्टिक आम्ल म्हणजे प्रोपिओनिक आम्लच, फक्त आम्लगटाच्या शेजारच्या कार्बनवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी जास्तीची. त्या शेजारच्या ऑक्सिजनच्या ओढीने आकडा ४.८७ वरून ३.८६ वर येतो, म्हणजे आम्ल दहापट तीव्र होते. एकाच रेणूत दोन ठिकाणी ऑक्सिजनला हायड्रोजन जोडलेला आहे, पण दह्यात सुटतो तो आम्लगटाचा. अल्कोहोलचा जागचा हलत नाही.

फिनॉलवर नायट्रो गट बसवला तर वाटणी आणि ओढ या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून बघता येतात. वलयावर हा गट ऑक्सिजनपासून एक घर सोडून, म्हणजे मेटा जागी बसवला, तर मुख्यतः ओढ काम करते आणि आकडा १० वरून ८.४ वर येतो. अगदी समोर, पॅरा जागी बसवला, तर वलयात पसरलेला भार थेट नायट्रो गटाच्या ऑक्सिजनांपर्यंत पोहोचतो; ओढीला वाटणीची जोड मिळते आणि आकडा ७.१५ होतो. गट तोच, जागा तेवढी बदलली. तीन नायट्रो गट असलेले पिक्रिक आम्ल तर ०.४ च्या आसपास, अॅसिटिक आम्लाला कुठल्या कुठे मागे टाकणारे. प्रात्यक्षिकात इथेच घोटाळा होतो. दोन किंवा तीन नायट्रो गटांची फिनॉले बायकार्बोनेटबरोबर चक्क फसफसतात आणि विद्यार्थी बिनदिक्कत ‘कार्बोक्झिलिक आम्ल’ लिहून मोकळा होतो. द्रावणाचा गडद पिवळा रंग बघून तरी त्याने थबकायला हवे.

आणखी एक गैरसमज नावामुळे झाला आहे. ग्लासगोमध्ये १८६५ साली जोसेफ लिस्टरने जखमांवर जे कार्बोलिक अॅसिड वापरायला सुरुवात केली, ते म्हणजे फिनॉल. नावात अॅसिड असल्याने ते जहाल आम्ल असावे असे वाटते, पण आम्ल म्हणून ते व्हिनेगरमधल्या आम्लापुढे अगदीच दुबळे. तरीही फिनॉल हातावर सांडले तर कातडी पांढरी पडते, जळते, कारण ते त्वचेतली प्रथिने बिघडवते. पीकेएचा आकडा फक्त हायड्रोजन सोडण्याची तयारी सांगतो. पदार्थ किती घातक आहे, हे त्यावरून ठरवू नये.

या स्पष्टीकरणांनाही मर्यादा आहेत. कार्बोक्झिलिक आम्लांच्या तीव्रतेचे सगळे श्रेय संस्पंदनाला द्यावे का, यावर १९८६ मध्ये सिगेल आणि थॉमस यांनी शंका घेतली. दुसरा ऑक्सिजन हायड्रोजन सुटण्याच्या आधीपासूनच कार्बनमधले इलेक्ट्रॉन ओढून बसलेला असतो आणि श्रेयाचा मोठा वाटा त्या ओढीचा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुढे बराच वाद झाला.

दुसरी मर्यादा पाण्याची. वर दिलेले सगळे आकडे पाण्यातले आहेत, आणि पाण्याचे रेणू ऋणायनाभोवती गोळा होऊन त्याला सावरत असतात. टर्शरी ब्युटेनॉल हे पाण्यात इथेनॉलपेक्षा दुबळे आम्ल आहे. कार्बनच्या फांद्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन ढकलतात म्हणून असे होते, असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉमन आणि ब्लेअर यांनी पाणी पूर्णपणे काढून टाकून, वायुरूपात मोजमाप केले, तेव्हा क्रम उलटा निघाला. तिथे टर्शरी ब्युटेनॉल इथेनॉलपेक्षा तीव्र होते आणि सर्वांत लहान मिथेनॉल त्या रांगेत शेवटी होते.