जलपर्णीचा जमाखर्च
(लेखमाला: पेशीतला हिशेब)

मागच्या भागात मुक्त ऊर्जेचे चिन्ह कसे वाचायचे ते पाहिले. आकडा ऋण असेल तर क्रिया आपसूक पुढे सरकते, धन असेल तर ती उलट्या दिशेला ओढ घेते. त्यावर साहजिक प्रश्न येतो. सजीवांच्या शरीरात प्रथिने बनतात, डीएनए बनतो, साखरेच्या साखळ्या बनतात, आणि यांतल्या बहुतेक क्रियांचा आकडा तर धन आहे. मग त्या घडतात कशा?

उत्तरासाठी कल्याणजवळच्या मोहन्याला जाऊ. तिथे उल्हास नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. याच परिसरातून कल्याण-डोंबिवलीसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते, त्यामुळे जलपर्णीवरून दरवर्षी तक्रारी, निवेदने, आंदोलने होतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. तिला इथे मानवते ते नाल्यांतून येणारे सांडपाणी. त्यातल्या युरियाचे जिवाणू अमोनियम करतात आणि जलपर्णीची मुळे ते शोषून घेतात. पण नुसते शोषून भागत नाही. अमोनियम साठले तर ते पेशीला विषारी, म्हणून ते लगेच एखाद्या सेंद्रिय रेणूत बांधून टाकावे लागते. त्यासाठीची पहिली मोठी पायरी अशी:

ग्लुटामेट + अमोनियम → ग्लुटामीन + पाणी, ΔG°′ = +14.2 किलोज्यूल प्रति मोल

चिन्ह धन आहे. याचा अर्थ क्रिया अशक्य आहे असा नाही, तर फार थोडे ग्लुटामीन बनताच समतोल येतो, एवढाच. 25 अंश सेल्सिअसला RT ची किंमत 2.48 किलोज्यूल. 14.2 ला तिने भागले की 5.73 येतात, आणि e चा उणे 5.73 घात म्हणजे सुमारे 0.003. हा समतोल स्थिरांक. पेशीत अमोनियम लिटरमागे 1 मिलिमोल आहे असे धरू (हा आकडा हिशेबापुरता). म्हणजे 0.003 ला आणखी हजाराने भागायचे. ग्लुटामेटच्या दहा लाख रेणूंमागे ग्लुटामीनचे जेमतेम तीन रेणू तयार होतील आणि क्रिया थांबेल. एवढ्यावर नदी झाकणारे झाड वाढत नाही.

आता दुसरी क्रिया घेऊ:

एटीपी + पाणी → एडीपी + फॉस्फेट, ΔG°′ = −30.5 किलोज्यूल प्रति मोल

दोन्हींची बेरीज केली की दोन्हीकडचे पाणी कटते आणि उरते ते असे:

ग्लुटामेट + अमोनियम + एटीपी → ग्लुटामीन + एडीपी + फॉस्फेट
ΔG°′ = +14.2 − 30.5 = −16.3 किलोज्यूल प्रति मोल

जुन्या पुस्तकांत हेच कॅलरीत दिसेल: +3.4 आणि −7.3, बेरीज −3.9 किलोकॅलरी. परीक्षेत इथे गुण मिळतात आणि विद्यार्थी पान उलटतो. माझ्या मते खरा विषय इथून पुढे आहे.

एकाच चंचुपात्रात ग्लुटामेट, अमोनियम आणि एटीपी घातले, आणि एटीपीचे विघटन करणारे एखादे विकर म्हणजे एन्झाइम टाकले, तर काय होईल? एटीपी फुटेल, पाणी किंचित गरम होईल आणि ग्लुटामीन जवळजवळ बनणारच नाही. कागदावर बेरीज जमली म्हणून क्रिया जोडल्या जात नाहीत. शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून माझे वीजबिल भरले जात नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जायला वाट लागते. रसायनात ही वाट म्हणजे दोन्ही क्रियांना सामाईक असलेला मधला रेणू.

हे काम ग्लुटामीन सिंथेटेज हे विकर करते. आधी ते एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट ग्लुटामेटच्या बाजूच्या कार्बॉक्सिल गटावर बसवते. तयार होतो ग्लुटामिल फॉस्फेट. कार्बॉक्सिलवरचा ऑक्सिजन एरवी सहज निघत नाही, पण फॉस्फेट चिकटला की तो निघायला तयार होतो. मग अमोनिया त्या कार्बनवर येतो आणि फॉस्फेट बाहेर पडतो. या दोन पायऱ्यांत पाण्याचा रेणू कुठेच वापरला जात नाही. म्हणजे ज्या ‘एटीपीच्या जलविघटना’चा आकडा आपण बेरजेत घेतला, ते जलविघटन विकराच्या खोबणीत घडतच नाही! मुक्त ऊर्जा फक्त सुरुवात आणि शेवट पाहते, मधला रस्ता पाहत नाही, म्हणून आकडा तरीही बरोबर येतो.

मधला रेणू खरेच असतो हे कशावरून? 1950 च्या दशकात ग्लुटामेटच्या कार्बॉक्सिल गटात जड ऑक्सिजन-18 घालून प्रयोग झाले. क्रियेनंतर तो ऑक्सिजन बाहेर पडलेल्या फॉस्फेटमध्ये सापडला. फॉस्फेट ग्लुटामेटला प्रत्यक्ष चिकटून गेला असेल, तरच हे जमते.

आता आकडे थोडे खऱ्या पेशीजवळ नेऊ. ΔG°′ हा सगळे पदार्थ लिटरमागे 1 मोल आणि पीएच 7 असतानाचा आकडा. मॅग्नेशियमचे प्रमाण बदलले तरी तो थोडा हलतो. पेशीत एटीपी एडीपीच्या पाचपट आणि फॉस्फेट 5 मिलिमोल आहे असे मानू. मग 5 भागिले 0.005 म्हणजे 1000, आणि एटीपीच्या आकड्यात उणे 2.48 × ln 1000, म्हणजे उणे 17.1 ची भर पडते. एकूण −47.6. दुसरीकडे अमोनियम 1 मिलिमोल इतके विरळ असल्याने ग्लुटामीनची चढण +14.2 वरून +31.3 होते (ग्लुटामेट आणि ग्लुटामीन समान धरले तर). बेरीज पुन्हा −16.3. आकडे तसे निवडले म्हणून हा योगायोग. त्यात नियम शोधू नका. अमोनियम 0.05 मिलिमोलवर आणले की चढण +38.8 होते आणि निव्वळ −8.8 उरतात. चिन्ह अजून ऋणच. अमोनियम इतके विरळ असतानाही मुळातली ही क्रिया पुढेच सरकते. मात्र नदीतून ते पेशीच्या आत ओढून घेण्याचा खर्च या हिशेबात धरलेला नाही.

एटीपीत ‘उच्च ऊर्जेचा बंध’ असतो आणि तो तोडला की ऊर्जा बाहेर पडते, असे अजूनही शिकवले जाते. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. फायदा होतो तो तुटल्यानंतर: शेजारी दाटलेले ऋण प्रभार एकमेकांपासून सुटतात, आणि सुट्या झालेल्या फॉस्फेटला पाणी चांगले वेढून स्थिर करते.

आणि निव्वळ आकडा ऋण असूनही क्रिया अडू शकते. ग्लुफोसिनेट हे तणनाशक ग्लुटामीन सिंथेटेजच्या खोबणीत ग्लुटामेटची जागा अडवते. पानात अमोनिया साठू लागतो आणि झाड मरते. त्या मरत्या पानातही ΔG°′ चा −16.3 हा आकडा तसाच असतो. बंद झालेली असते ती वाट. पानात अमोनिया मोजून या तणनाशकाचा परिणाम ओळखतात तो याच कारणाने.

पुढच्या भागापूर्वी एक हिशेब करून ठेवा. ग्लुकोजला फॉस्फेट जोडण्याची ΔG°′ +13.8 किलोज्यूल आहे. एटीपीशी जोडल्यावर निव्वळ आकडा किती येतो ते काढा, आणि तिथे फॉस्फेट नेमका कुठे चिकटतो तेही शोधा.