भुकटीतून घडणारा गिअर

इंजिनाच्या ऑइल पंपात तेल पुढे ढकलणारा एक छोटा गिअर असतो. १६ दात, मॉड्यूल दीड, बाहेरचा व्यास २७ मिलिमीटर, जाडी १० आणि मधलं भोक ८ मिलिमीटरचं. पोलादाच्या गजातून तो हॉबिंग करून काढता येतो, पण मग दातांमधला सगळा माल किसाच्या ढिगात जातो. म्हणून असा गिअर बहुधा लोखंडाच्या भुकटीतून दाबून काढतात.

भुकटी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वितळलेल्या लोखंडाचे थेंब उडवून केलेली असते. सर्वात मोठा कण साधारण ०.१५ मिलिमीटरचा. त्यात २ टक्के तांबं, ०.८ टक्के ग्रॅफाइट आणि साधारण तेवढंच मेणासारखं वंगण मिसळतात. हे मिश्रण दातांच्या आकाराच्या कार्बाइड डायमध्ये सैल ओततात. सैल भुकटीची घनता घनसेंटिमीटरला ३ ग्रॅमच्या आसपास आणि आपल्याला हवी ६.९; म्हणजे १० मिलिमीटरच्या गिअरसाठी डाय २३ मिलिमीटर भरावी लागते. भोकाच्या जागी कोअर रॉड उभा असतो. मग वरून आणि खालून पंच येतात. दाबाखालचं क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस सेंटिमीटर आणि दाब चौरस सेंटिमीटरला ६ टन, म्हणजे २४ टनांचा जोर. जवळपास २८ ग्रॅमचा गिअर क्षणात तयार होतो. पण तो अजून ग्रीन, म्हणजे कच्चा असतो: हातात धरता येतो, पडला तर दात तुटतो.

दाब सगळीकडे सारखा पोहोचत नाही, ही इथली खरी अडचण. भुकटी पाण्यासारखी वाहत नाही. डायच्या भिंतीशी घासून तिचा जोर वाटेत खर्च होतो. दोन्ही बाजूंनी दाबलं तरी जाडीच्या मधोमध एक विरळ पट्टा राहतोच. गिअर जितका उंच, तितका तो पट्टा जास्त विरळ.

मग दाब वाढवत का नेऊ नये? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर वंगणात आहे. वजनात ०.८ टक्का असलेलं वंगण इतकं हलकं असतं की दाबलेल्या गिअरमध्ये जागा मात्र ५ ते ६ टक्के व्यापतं. वंगण आणि ग्रॅफाइट मिळून इतकी जागा अडवतात की एकही पोकळी न उरता हे मिश्रण दाबलं तरी घनता ७.३ च्या आसपासच थांबेल. भरीव लोखंडाची ती ७.८६ असते. व्यवहारात एका दाबात ७.१ ते ७.२ मिळाली तरी खूप. वंगण कमी केलं, तर गिअर डायमधून बाहेर ढकलताना भिंतीला खरवडतो आणि आडव्या भेगा पडतात.

पुढे जाळीच्या पट्ट्यावरून गिअर भट्टीत जातात. आधी ५०० ते ६५० अंशांच्या टप्प्यात वंगण जळून निघतं. घाई केली तर वाफ आतच कोंडते, फोड येतात किंवा काजळी बसते. मग ११२० अंशांवर २० ते ३० मिनिटं. लोखंड वितळत नाही. त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि जोडावर मान तयार होते. तांबं मात्र वितळून कणांमधल्या फटींत शिरतं, त्यामुळे गिअर थोडा फुगतो. ग्रॅफाइट लोखंडात विरघळून त्याचं पोलाद होतं. भट्टीतला वायू बिघडला, तर दाताच्या पृष्ठभागातला कार्बन उडतो. दात कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कडेला पांढरट थर दिसतो.

आकारालाही मर्यादा आहेत. पंच सरळ खाली-वर जातो, म्हणून आडवं भोक किंवा बाजूची खाच दाबून येत नाही. ती नंतर कापावी लागते. गिअरला एका बाजूने बॉस असेल तर त्याच्यासाठी वेगळा खालचा पंच लागतो. दोन्ही पंचांची चाल जुळली नाही, तर बॉसच्या कोपऱ्यात केसासारखी भेग पडते आणि ती भट्टीतही बुजत नाही. बारीक मॉड्यूलचं दुखणं वेगळं. अर्ध्या मॉड्यूलच्या दाताची रुंदी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्यात मोठे कण शेजारी शेजारी जेमतेम पाच मावतात. दात नीट भरत नाही आणि मुळाशी कमजोर राहतो.

घनता ६.९ च्या गिअरमध्ये १२ टक्के पोकळी असते. थकव्याची भेग तिथूनच सुरू होते. शिवाय पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने कार्बुरायझिंगचा वायू खोल आत शिरतो. बाहेर कडक थर आणि आत चिवट गाभा नीट मिळत नाही. ऑइल पंपावर भार कमी असल्याने तिथे हे चालतं. गिअरबॉक्सच्या दाताला दोनदा दाबणं किंवा दाताचा पृष्ठभाग रोलिंगने घट्ट करणं भाग पडतं, आणि प्रत्येक जादा फेरीबरोबर भुकटीचा स्वस्तपणा कमी होतो.

म्हणून ड्रॉइंग काढणाऱ्याला एक विनंती. नुसती सरासरी घनता लिहू नका. ती दाताच्या मुळाशी, जाडीच्या मध्यावर किती हवी ते लिहा, आणि तपासणीसाठी तिथलाच तुकडा कापायला सांगा.