‘काय फवारू?’ हा प्रश्नच नव्हे

“हॅलो... हॅलो, ताई, आवाज येतोय का?” “येतोय दादा, आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा.” शेतीविषयक फोन-इन कार्यक्रमात निम्मे फोन असेच सुरू होतात. मग नाव, गाव, तालुका, एकर, पाऊस कधी पडला, यंदा बियाणं कसं महाग होतं, आणि सगळ्यात शेवटी मुद्दा: “सोयाबीन पिवळं पडलंय. काय फवारू?”

असा कार्यक्रम संपल्यावर त्याचा प्रश्नोत्तररूपी सारांश पुष्कळांना हवा असतो. केंद्राला तो नोंदीसाठी लागतो, कृषी विज्ञान केंद्राला पत्रक काढायचं असतं, साप्ताहिकाला स्तंभ भरायचा असतो. काम सोपं वाटतं. फोन करणाऱ्याने विचारलं तो प्रश्न, तज्ज्ञाने सांगितलं ते उत्तर, मधलं पाल्हाळ गाळलं की झालं. बहुतेक सारांश असेच लिहिले जातात, आणि म्हणूनच त्यातले पुष्कळसे वाचणाऱ्याच्या उपयोगाचे नसतात. कारण फोन करणारा जे विचारतो तो प्रश्न नसतोच; ती तक्रार असते. प्रश्न तयार होतो तो तज्ज्ञाने उलट विचारायला सुरुवात केल्यावर, आणि सारांश लिहिणारा नेमका तोच भाग पाल्हाळ समजून कापतो.

एक नमुना घेऊ. कार्यक्रम आणि फोन मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण खरिपात जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यात कुठेही ऐकू येतील असेच आहेत. अर्ध्या तासात पाच फोन. त्यातले तीन सोयाबीन पिवळं पडल्याचे, एक कपाशीचा, एक पीकविम्याचा.

पहिला फोन औसा तालुक्यातून. तज्ज्ञ विचारतात, “पेरणी होऊन किती दिवस झाले?” “महिना झाला, साहेब.” “पिवळेपणा खालच्या पानांना आहे की शेंड्याच्या?” “शेंड्याला. नवं पान निघतंय तेच पिवळं.” “पानाच्या शिरा हिरव्या दिसतात का?” “व्हय, शिरा तेवढ्या हिरव्या हायेत.” “जमिनीत चुनखडीचे खडे आहेत?” “नांगरलं की पांढरे खडे वर येतात.” एवढं झाल्यावर तज्ज्ञ सांगतात की ही लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडे सरकत नाही, म्हणून शेंडा आधी पिवळा पडतो. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारा, दुसऱ्या कुठल्या औषधात ते मिसळू नका.

दुसरा फोन निलंग्याकडचा. तक्रार तीच, शब्दही तेच. पण विचारल्यावर कळतं की आठवडाभर पाऊस लागून होता, रानाच्या खोलगट भागात पाणी साचलं, पिवळेपणा तिथेच आहे आणि तो खालच्या पानांपासून वर चढतोय. तज्ज्ञ म्हणतात, “एक झाड हलक्या हाताने उपटा. मुळांवरची गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर गाठ काम करतेय. करडी किंवा हिरवट असेल तर तिचं काम थांबलंय.” साचलेल्या पाण्याने मुळांची हवा कोंडली, गाठींतले जिवाणू नत्र देईनासे झाले. नत्र झाडात सहज फिरतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी. उपाय: चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की कोळपणी करा, आणि मग १९:१९:१९ हे विद्राव्य खत १० लिटरला १०० ग्रॅम घेऊन फवारा.

तिसऱ्या फोनमध्ये सगळं रान पिवळं नाही. मधूनच एखादं झाड, आणि त्याच्या पानावर पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची सरमिसळ. हा पिवळा मोझॅक, विषाणूजन्य रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. “औषध कोणतं?” असं शेतकरी तीनदा विचारतो. तज्ज्ञ तीनदा सांगतात की विषाणूवर औषध नाही. रोगट झाडं दिसतील तशी उपटून पुरून टाका, पिवळे चिकट सापळे लावा, माशी आटोक्यात ठेवा.

आता घाईत लिहिलेला सारांश पाहा. “प्रश्न: सोयाबीन पिवळे पडल्यास काय करावे? उत्तर: फेरस सल्फेट किंवा १९:१९:१९ यांची फवारणी करावी, तसेच रोगट झाडे उपटावीत.” यात एकही शब्द खोटा नाही. तज्ज्ञाने हे सगळं सांगितलं होतं. पण निलंग्याचा शेतकरी हे वाचून साचलेल्या पाण्यात उभं राहून फेरस सल्फेट फवारेल, आणि मोझॅकवाला तर फवारणीत आठवडा घालवेल. तोवर माशी रोग शेजारच्या ओळीत नेईल. सारखे दिसणारे फोन एकत्र करायचा मोह सारांश लिहिताना सगळ्यात जास्त असतो, कारण जागा वाचते. माझा नियम साधा आहे: तक्रार सारखी असली म्हणून फोन एकत्र करू नयेत, कारण सारखं असेल तरच करावेत. आणि कारण कळतं ते उत्तरातून. म्हणजे प्रश्न लिहायचा तो उत्तर ऐकून झाल्यावर.

नीट लिहिलेला पहिला प्रश्न असा होईल: “चुनखडीयुक्त जमिनीत महिन्याच्या सोयाबीनची शेंड्याकडची पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. कारण काय आणि काय करावे?” औशाच्या शेतकऱ्याने हे वाक्य कधीच उच्चारलं नव्हतं. तरी ते त्याचंच आहे. तज्ज्ञाने विचारून त्याच्याकडून काढलेल्या चार गोष्टी त्यात आल्या आहेत: जमीन, पिकाचं वय, पिवळेपणाची जागा, शिरांचा रंग. वाचणारा स्वतःच्या रानाशी या चार गोष्टी ताडून पाहू शकतो आणि हा प्रश्न आपला नाही असंही ठरवू शकतो. दुसऱ्या प्रश्नात पाणी साचल्याचं आणि खालच्या पानांचं यायला हवं, तिसऱ्यात ठिपके आणि विखुरलेली झाडं. मग तिन्ही शेजारी शेजारी छापा. अशी मांडणी वाचणाऱ्याला रानात जाऊन पान उलटून बघायला लावते.

चौथा फोन कपाशीचा. पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, चिरल्यागत झाली आहेत, कोणता रोग? तज्ज्ञाने रोगाचं नाव घेतलंच नाही. “मागे याच पंपाने काय मारलं होतं?” असं विचारलं. थोडं थांबून उत्तर आलं की शेजाऱ्याचा पंप आणला होता, त्याने उसात तणनाशक मारलं होतं. २,४-डी या तणनाशकाचा पंपात राहिलेला अंशही कपाशीला बाधतो, हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. इथे सारांशात उत्तरापेक्षा ती पंपाची चौकशी जास्त मोलाची. ती गाळली तर “कपाशीची पाने भेंडीसारखी झाल्यास तणनाशकाचा परिणाम समजावा” एवढंच उरतं, आणि पुढच्या वेळी पंप वेगळा ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाचवा फोन विम्याचा. तज्ज्ञ पीकशास्त्राचे, त्यांनी अंदाजाने काहीतरी सांगितलं आणि “कृषी कार्यालयात विचारून घ्या” अशी पुस्ती जोडली. सारांशात फक्त पुस्ती घ्यावी. विम्याचे नियम हंगामागणिक बदलतात आणि छापलेला अंदाज वाचणाऱ्याला नियमच वाटतो. तज्ज्ञाच्या विषयाबाहेरचं उत्तर त्याच्या नावावर छापणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण सारांशातली सगळ्यात महाग चूक तिथे होते. रेडिओवर तज्ज्ञ बोलीत बोलतात: “पंपाला शंभर ग्रॅम टाका.” कुठल्या पंपाला? पाठीवरचा पंप कुणाकडे १५ लिटरचा, कुणाकडे २० लिटरचा. फेरस सल्फेटचं प्रमाण ०.५ टक्के, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. २० लिटरच्या पंपाला १०० ग्रॅम बरोबर बसतात, १५ लिटरला ७५ पुरेत. तोच “शंभर ग्रॅम” कुणी १० लिटर पाण्याला लावला तर प्रमाण दुप्पट होतं आणि कोवळी पानं करपतात. म्हणून सारांशात मात्रा नेहमी १० लिटर पाण्याला किती, अशीच लिहावी. ध्वनिमुद्रणात पाण्याचा आकडा नसेल तर आपल्या हिशेबाने भरू नये. तज्ज्ञाला फोन करून विचारावा. औषधांच्या नावांचंही तेच. रेडिओच्या खरखरीत दोन नावं सारखी ऐकू येतात. कीटकनाशकाचं नाव आलं तर ते त्या पिकासाठी शिफारस केलेलं आहे का, म्हणजे लेबल क्लेम आहे का, हे तपासल्याशिवाय छापू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. तेव्हापासून तज्ज्ञ बोलता बोलता हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा यांचा उल्लेख हमखास करतात. सारांश लिहिणाऱ्याला ते नेहमीचं वाटतं आणि पहिली कात्री तिथेच लागते. ती लागू देऊ नये.

कामाची पद्धत मात्र काही अवघड नाही. ध्वनिमुद्रण एकदा सलग ऐकावं आणि कोणता फोन कितव्या मिनिटाला सुरू होतो एवढंच टिपावं. दुसऱ्यांदा ऐकताना आधी तज्ज्ञाचे उलट प्रश्न लिहून काढावेत, मग शेतकऱ्याची त्यांना मिळालेली उत्तरं, शेवटी सल्ला. “बहुतेक”, “असेल तर”, “पाऊस उघडल्यावर” असे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. तज्ज्ञाने फोनवर पान पाहिलेलं नसतं, त्यामुळे ही अट म्हणजे सल्ल्याचा भागच आहे. शेतकऱ्याचं नाव-गाव सारांशात लागत नाही, तालुका आणि जमिनीचा प्रकार लागतो. छापण्याआधी मात्रा असलेली वाक्यं तेवढी तज्ज्ञाला वाचून दाखवावीत. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे लोक करतात.

सारांशाच्या डोक्यावर केंद्राचं नाव, तज्ज्ञाचा विषय आणि प्रसारणाची तारीख जरूर घाला. जुलैचा सल्ला सप्टेंबरात शेंगा भरताना कुणी वापरू नये. आणि तळाला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक द्या. २००४ पासून ही सेवा चालू आहे, मराठीतही उत्तर मिळतं, आणि ज्याचं पान तुमच्या एकाही प्रश्नाशी जुळलं नाही त्याला विचारायला ती जागा आहे.