विखुरलेल्या तक्रारींचा तटस्थ सारांश

ग्राहक सर्वेक्षणाच्या अर्जात शेवटी एक मोकळी चौकट असते: ‘आपल्या काही तक्रारी असल्यास लिहाव्यात’. तिथे येणारी वाक्ये तुटक असतात, कधी रागाची, कधी दोन शब्दांची. शाखेच्या किंवा विभागाच्या व्यवस्थापकाला ती जशीच्या तशी दिली, तर सर्वांत तिखट वाक्यच त्याच्या लक्षात राहते. तटस्थ सारांशात प्रत्येक गोष्ट किती जणांनी सांगितली, कोणत्या परिस्थितीबद्दल सांगितली आणि त्यातून काय सिद्ध होत नाही, हे दिसायला हवे.

समजा, एका सहकारी बँकेच्या शाखेत १२० खातेदारांनी अर्ज भरले आणि त्यांपैकी ३१ जणांनी तक्रारीच्या चौकटीत काही लिहिले. काही वाक्ये अशी: ‘तासभर रांगेत उभे केले’, ‘काउंटर दोनवरच्या मॅडम फार उद्धट’, ‘पासबुक मशीन कायम बंद’, ‘मशीन चालू असते पण मागच्या महिन्याच्या नोंदी येतच नाहीत’, ‘पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही आणि टोकन असून नंबर लागत नाही’.

पहिले काम म्हणजे प्रत्येक अर्जाला क्रमांक देऊन मूळ मजकूर अक्षरही न बदलता उतरवून ठेवणे. पुढे शंका आली तर परतायला हीच जागा असते. त्यानंतर जोडवाक्ये फोडायची. शेवटच्या तक्रारीत बसण्याची जागा आणि टोकन असे दोन वेगळे मुद्दे आहेत. ते वेगळ्या ओळींवर येतात, पण दोन्हींपुढे अर्ज क्रमांक एकच राहतो. अशा फोडणीनंतर या ३१ अर्जांतून ४४ मुद्दे निघाले, असे धरू.

आता गट पाडायचे. इथे सोयीचा पण चुकीचा मार्ग म्हणजे आधीच ‘कर्मचारी’, ‘यंत्रणा’, ‘इमारत’ असे कप्पे ठरवून मुद्दे त्यांत कोंबणे. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी क्षेत्रकार्यातील टिपणे लावण्यासाठी उलटी रीत रूढ केली: एका कागदावर एकच टिपण लिहायचे, सारख्या अर्थाची टिपणे जवळ ठेवायची आणि गटाला नाव सर्वांत शेवटी द्यायचे. तक्रारींनाही हीच रीत मानवते. मात्र सारखा शब्द म्हणजे सारखा अर्थ नव्हे. ‘मशीन बंद’ आणि ‘नोंदी येत नाहीत’ या दोन्हींत विषय पासबुक मशीनचा असला, तरी पहिल्यात मशीन चालत नाही आणि दुसऱ्यात छपाई अपुरी राहते. त्यांची कारणे आणि दुरुस्ती वेगळी असू शकते. म्हणून गट एकच ठेवला, तरी आत दोन उपगट हवेत.

मोजणी करताना मुद्दे आणि माणसे यांत गल्लत होते. थांबण्याबद्दलच्या गटात १६ मुद्दे असतील, पण दोघांनी तीच गोष्ट दोनदा लिहिली असेल, तर तक्रार करणारे १४ ठरतात. सारांशात माणसांचाच आकडा यावा आणि त्यासोबत पायाही सांगावा. ‘१४ जण’ म्हणजे तक्रार लिहिणाऱ्या ३१ पैकी जवळजवळ निम्मे, पण अर्ज भरणाऱ्या १२० पैकी सुमारे १२ टक्के. दोन्ही खरे आहेत. यांतला एकच सांगितला की चित्र वाकडे होते. ‘बऱ्याच ग्राहकांनी’ किंवा ‘काहींनी’ असे मोघम शब्द तर टाळावेतच.

खरी कसोटी भाषेची आहे. प्रत्येक तक्रारीत घडलेली गोष्ट, त्याबद्दलची भावना आणि कारणाचा अंदाज मिसळलेले असतात. ‘मुद्दाम तासभर उभे केले’ या वाक्यात थांबावे लागणे ही घटना आहे, ‘मुद्दाम’ हा अंदाज आहे आणि ‘तासभर’ हा ग्राहकाने सांगितलेला वेळ आहे, घड्याळ लावून मोजलेला नव्हे. म्हणून सारांशात ‘थांबावे लागल्याचे १४ जणांनी लिहिले, वेळ नमूद करणाऱ्या ५ जणांनी तो २० मिनिटे ते दीड तास असा सांगितला’ असे यावे. या पाच आकड्यांची सरासरी काढू नये, कारण त्यामुळे अंदाजाला मोजमापाचा आव येतो.

तटस्थ म्हणजे सौम्य, असाही एक समज असतो. ‘प्रतीक्षा कालावधीत सुधारणेस वाव आहे’ हे वाक्य सभ्य आहे, पण त्यातून तक्रारच नाहीशी झाली. तसेच ‘उद्धट’ हा शब्द खोडून ‘संवादकौशल्याची गरज’ असे लिहिले, की सारांश लिहिणाऱ्याने स्वतःचा उपाय घुसवला. त्यापेक्षा ‘६ जणांनी काउंटरवरील बोलण्याची पद्धत अपमानकारक वाटल्याचे लिहिले; त्यांपैकी ४ जणांनी काउंटर २ चा उल्लेख केला’ हे नेमके आहे. त्या दिवशी तिथे कोण बसले होते हे अर्जातून कळत नसेल, तर तेही लिहावे; नाहीतर दोष एका कर्मचाऱ्याच्या माथी बसतो. त्याच सर्वेक्षणात ‘काय आवडले’ या प्रश्नाला ११ जणांनी कर्मचाऱ्यांची मदत असे उत्तर दिले असेल, तर ही नोंद त्याच परिच्छेदात यायला हवी.

संख्या आणि गांभीर्य या दोन वेगळ्या मापट्ट्या आहेत. एखाद्याच अर्जात ‘माझ्या सहीशिवाय पैसे वळते झाले’ असे असेल, तर एकटी तक्रार म्हणून ती ‘इतर’मध्ये ढकलता येत नाही. ती सारांशाची वाट न पाहता त्याच दिवशी तक्रार निवारणाच्या मार्गाने पाठवायची आणि सारांशात तिचा स्वतंत्र उल्लेख करायचा.

तयार सारांश साधारण असा दिसतो:

‘१२० अर्जांपैकी ३१ मध्ये तक्रारी आहेत. काउंटरवर थांबावे लागल्याचे १४ जणांनी लिहिले. त्यांपैकी १० जणांनी महिन्याच्या पहिल्या आठवड्याचा उल्लेख केला. पासबुक मशीनबद्दल ९ तक्रारी आहेत: ६ मशीन बंद असल्याच्या, ३ अपुऱ्या नोंदींच्या. बोलण्याच्या पद्धतीबद्दल ६ जणांनी तक्रार केली, तर ११ जणांनी कर्मचाऱ्यांच्या मदतीची प्रशंसा केली. बसण्याच्या जागेबद्दल ५ आणि मोबाइल ॲपबद्दल ४ जणांनी लिहिले. सहीशिवाय रक्कम वळती झाल्याची एक तक्रार स्वतंत्रपणे पाठवली आहे. अर्ज शाखेत येणाऱ्यांनीच भरले असल्याने शाखेत न येणाऱ्या खातेदारांचे मत यात नाही.’

शेवटचे वाक्य औपचारिकता नव्हे. ते नसेल तर व्यवस्थापक या आकड्यांना सगळ्या खातेदारांचा कौल समजू शकतो. उपाय सुचवायचे असतील, तर ते वेगळ्या शीर्षकाखाली, सुचवणाऱ्याच्या नावाने द्यावेत.

सारांश पाठवण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. प्रत्येक विधानामागचे अर्ज क्रमांक काढता आले पाहिजेत. ज्या वाक्यामागे क्रमांक सापडत नाही, ते लिहिणाऱ्याचे मत असते आणि ते काढून टाकावे. दुसरी तपासणी म्हणजे गट न पाहिलेल्या सहकाऱ्याला दहाएक मुद्दे लावायला देणे. त्याने ते वेगळीकडे ठेवले, तर गटांची नावे किंवा सीमा पुन्हा ठरवाव्या लागतात. तक्रार करणारा आणि जिच्याबद्दल तक्रार आहे ती व्यक्ती, अशा दोघांनाही ‘हेच लिहिले होते’ असे म्हणता आले, तर तो सारांश तटस्थ झाला असे समजावे.